डीएनएससेक: कुलूप नव्हे, शिक्का

«डीएनएससेक चालू करा. डोमेनची लुकअप एन्क्रिप्ट होते, कोणाला दिसत नाही आणि फिशिंगही थांबतं. डीएस रेकॉर्ड चुकला तरी घाबरायचं कारण नाही. फार तर संरक्षण जातं, साइट पहिल्यासारखी चालत राहते.»

असा सल्ला कोणी दिला, तर त्यातला जवळजवळ प्रत्येक दावा चुकीचा आहे. पहिली गोष्ट, काहीही एन्क्रिप्ट होत नाही. डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. डीएनएससेक तिच्या उत्तरावर सही करतं, ते झाकत नाही. तुम्ही कोणतं नाव विचारलं हे वाटेतल्या कोणालाही दिसतं. ते लपवायचं तर डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस किंवा डीएनएस-ओव्हर-टीएलएस लागतं, आणि ते वेगळं काम आहे.

फिशिंगचं तर त्याहून सोपं. फसवणाऱ्याने बँकेच्या नावात एक अक्षर बदलून नवं डोमेन घेतलं, तर तोही त्यावर रीतसर सह्या करू शकतो. डोमेनची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रारकडच्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेला तरी तसंच: चोर स्वतःचा डीएस, म्हणजे स्वतःच्या सहीची खूण, घालेल आणि पडताळणी बिनतक्रार पास होईल. डीएनएससेक थांबवतं ते बनावट उत्तर. २००८ साली डॅन कॅमिन्स्कीने दाखवलं की रिझॉल्व्हरच्या, म्हणजे तुमच्या वतीने पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरच्या, कॅशमध्ये खोटा पत्ता घुसवणं किती सोपं आहे. त्यावर तातडीचा उपाय म्हणून सोर्स पोर्ट यादृच्छिक केले गेले, म्हणजे खोटं उत्तर कोणत्या पोर्टवर धाडायचं याचा अंदाज बांधणं अवघड झालं. पण आलेलं उत्तर खऱ्या मालकाचं आहे का, हे तेवढ्याने कळत नाही. ते सहीवरून कळतं.

आता डीएसबद्दल. मूळ दाव्यातला हाच भाग सर्वांत महागात पडणारा आहे.

सही तपासायला पब्लिक की लागते, आणि ती त्याच झोनच्या, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदींच्या संचाच्या, `DNSKEY` मध्ये असते. पण उत्तर खोटं बनवणारा कीसुद्धा खोटी देईल. म्हणून वरच्या झोनची साक्ष लागते, `.org` ने संपणाऱ्या नावासाठी `.org` ची. डोमेनचं नाव आणि की मिळून काढलेला हॅश वरच्या झोनमध्ये ठेवतात, तोच डीएस, आणि त्यावर सही वरच्या झोनची. `.org` ची साक्ष सगळ्यांच्या वरचं रूट देतं. रूटची साक्ष देणारं वर कोणी नाही, म्हणून त्याची की रिझॉल्व्हरमध्ये आधीपासूनच बसवलेली असते. रूट झोनवर सह्या २०१० पासून आहेत.

वरच्या झोनने «या डोमेनला डीएस नाही» असं सहीनिशी सांगितलं, तर रिझॉल्व्हर ते डोमेन बिनसहीचं मानून गुमान उत्तर देतो. पण डीएस आहे आणि त्याच्याशी जुळणारी एकही की सापडत नाही, तेव्हा तो उत्तर अडवतो. «जाऊ दे, चालवून घेऊ» असं त्याने म्हटलं असतं, तर हल्लेखोराला सह्या गाळून टाकणं पुरलं असतं आणि सगळी साखळीच फुकट गेली असती. साइट बंद पडते ती बिघाडामुळे नाही, नियमामुळे.

डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या `dig` कमांडने हे घरबसल्या बघता येतं. `dnssec-failed.org` या डोमेनचा डीएस चाचणीसाठी मुद्दाम चुकीचा ठेवलेला आहे.

```
dig @1.1.1.1 dnssec-failed.org A
dig @1.1.1.1 +cd dnssec-failed.org A
```

पहिल्यात `SERVFAIL` येतं, म्हणजे पत्ता मिळत नाही. दुसऱ्यात `+cd` म्हणजे «तपासू नकोस», आणि पत्ता मिळतो. एकाच रिझॉल्व्हरकडून अशी दोन उत्तरं आली की डोमेनची उत्तरं देणारा नेमसर्व्हर ठीक आहे, अडचण पडताळणीत आहे. मग `dig @1.1.1.1 +cd dnssec-failed.org DS` आणि `dig @1.1.1.1 +cd dnssec-failed.org DNSKEY` चालवून डीएसमधला की टॅग, म्हणजे कीचा ओळख-क्रमांक, कोणत्याही कीशी जुळतो का ते बघायचं. (`DNSKEY` चा टॅग `dig` आपणहून दाखवत नाही, `+multi` जोडा.)

«माझ्याकडे उघडतंय की!» हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. तुमचा रिझॉल्व्हर पडताळणी करत नसेल तर उघडणारच.

डीएस काढून टाकला की लगेच सुटका, असंही नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी स्लॅक या ऑफिस-चॅट सेवेने डीएनएससेक चालू करताना अडचण आली म्हणून माघार घेतली आणि सह्या बंद केल्या. पण रिझॉल्व्हरांच्या कॅशमध्ये जुना डीएस होता, `.com` मध्ये त्याचा टीटीएल, म्हणजे कॅशमध्ये राहण्याची मुदत, ८६,४०० सेकंद, म्हणजे एक पूर्ण दिवस. सह्या मागणारा डीएस शिल्लक आणि सह्या गायब, त्यामुळे अनेकांसाठी slack.com मिळेनासं झालं. रिझॉल्व्हर चालवणाऱ्यांना कॅश साफ करा म्हणून सांगावं लागलं.

नेमसर्व्हर दुसऱ्या कंपनीकडे हलवताना हीच गफलत होते: नवीन ठिकाणी सह्या नाहीत आणि रजिस्ट्रारकडे जुना डीएस तसाच. क्रम असा हवा: आधी डीएस काढा, जुन्या ठिकाणी सह्या चालू ठेवा, डीएसचा टीटीएल संपेपर्यंत थांबा, मगच नेमसर्व्हर बदला. नवा डीएस घालायचा तो नव्या ठिकाणच्या सह्या सगळीकडे पोचल्यावर.