खाज बकलाखाली, दोष रक्ताला?

"घड्याळ, कानातलं किंवा पट्ट्याच्या बकलाखाली खाज येते ती रक्त अशुद्ध असल्यामुळे. वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूची ॲलर्जी होतच नाही. कडुनिंबाचा काढा प्या आणि धातूला नेलपॉलिश लावा, कायमचा आराम!"

आधी रक्ताचं बघू. रक्त अंगभर फिरतं, आणि चट्टा मात्र बरोबर बकल टेकतं तेवढ्याच जागी उठतो. बहुतेक वेळा यामागे निकेल असतं. ते मुलाम्याखाली असतं, मिश्रधातूत असतं, आणि नावात चांदी मिरवणाऱ्या जर्मन सिल्व्हरमध्येही असतं (त्यात चांदी औषधालाही नसते, फक्त तांबं, निकेल आणि जस्त). घामाने त्याचे आयन सुटतात, कातडीत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. कातडीतल्या काही पेशी हा माल जवळच्या लसिकाग्रंथींत नेतात आणि तिथे टी पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशी, त्याची ओळख कायमची लक्षात ठेवतात. या सगळ्याला दीड-दोन आठवडे किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर बाहेर काहीच दिसत नाही.

म्हणूनच जुन्या वस्तूचीही ॲलर्जी होते. किंबहुना आधी संपर्क आल्याशिवाय ती होतच नाही. माझ्या मावसबहिणीने शाळेत असताना कान टोचले आणि बाजारातली खोटी कुडी घातली. भोकं चिघळली, तिने ती कुडी टाकून दिली, विषय संपला. वीस वर्षांनी बेंबीखाली खाजरा, खरखरीत चट्टा उठला. नेमका जीन्सच्या बटणाखाली. ती साबण बदलत बसली, कारण जीन्स घालायची शनिवारी आणि खाज सुटायची सोमवारी. ओळख पटलेल्या पेशींना जमून दाह करायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे खरा गुन्हेगार सुटतो.

काढ्याने टी पेशींची ही आठवण पुसली जात नाही. नेलपॉलिशचा थर थोडे दिवस आड येतो खरा, पण घासून उडाला की परत तेच.

एक मात्र मान्य: पट्ट्याखालची प्रत्येक खाज निकेलची नसते. चट्टा फक्त बकलाखाली नसून पूर्ण पट्ट्याखाली असेल, तर चामड्यातलं क्रोमियम, रबरातली रसायनं किंवा अडकून राहिलेलं साबणाचं पाणी यांचाही संशय घ्यावा. निवाडा पॅच टेस्ट करते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निकेल सल्फेटसारख्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढून बघतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. हे दुसऱ्यांदा बघणं चुकवू नये. बहिणीच्या पाठीवर पट्ट्या काढल्या त्या दिवशी जेमतेम लाली होती. चौथ्या दिवशी निकेलच्या जागी बारीक फोड उठले होते. आता तिच्या जीन्सच्या बटणामागे जाड कापड शिवलेलं आहे आणि कानात टायटॅनियम.