किलोभर कुरडई, सहा किलोचं भाडं

आखाजी जवळ आली की आमच्या अमळनेरात गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते. एकीकडे बिबडे, एकीकडे पापड आणि उरलेल्या सगळ्या गच्चीवर काकूंच्या कुरडया. काकू तीन दिवस गहू भिजवतात, चीक काढतात, तो शिजवतात आणि सोऱ्यातून पाडतात. ऊन खान्देशचं, त्यामुळे वाळायला वेळ लागत नाही. इथवर सगळं सुखाचं आहे. दुःख सुरू होतं ते ती कुरडई पुण्याला पाठवायची वेळ आली की. आणि ते दुःख माझ्या वाट्याला आहे, कारण घरात ऑनलाइन विक्रीचं खातं मी सांभाळतो.

फोन साधारण असा येतो.

"कुरडई एक किलो मागवतोय. चारशे रुपये ना?"

"हो."

"मग कुरिअर तीनशे साठ कसं? किलोला साठ रुपये दर आहे असं तुम्हीच म्हणालात!"

"बरोबर. सहा किलोचे तीनशे साठ."

इथे पलीकडे शांतता पसरते. मग हळूच प्रश्न येतो, "उरलेले पाच किलो कोणाचे?"

उरलेले पाच किलो हवेचे, हे उत्तर शंभर टक्के खरं असूनही फोनवर फार वाईट ऐकू येतं.

झालंय असं, की कुरडई विकली जाते वजनावर आणि प्रवास करते जागेवर. लग्नातली गादी एसटीच्या टपावर चढवली तर तिच्यात कापूस किती, हे कोणी तोलून बघत नाही. तिनं टप किती अडवला, तेच बघतात. कुरिअरवाल्यांनी याच न्यायाचं गणित केलंय. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. येतं ते आकारमानी वजन. मग काट्यावरचं वजन आणि हे वजन शेजारी ठेवायचं, आणि जे जास्त असेल त्याचे पैसे घ्यायचे. कमी असेल त्याचे घ्यावेत असं अजून कोणाला सुचलेलं नाही.

काकूंच्या एक किलो कुरडईला, ती अख्खी पोहोचायची असेल तर, बाहेरून ४० × ३० × २५ सेंटीमीटरचा खोका लागतो. गुणाकार ३०,०००. भागिले ५०००, म्हणजे सहा किलो. खोका, आतली प्लास्टिकची पिशवी, कागदाचे बोळे आणि चिकटपट्टी धरून काट्यावर तोच खोका भरतो १ किलो ४०० ग्रॅम. पैसे सहाचे.

आता पापड घ्या. एक किलो उडदाचे लहान पापड एकावर एक बसतात, शेजाऱ्याशी भांडत नाहीत, २० × २० × १२ च्या खोक्यात मावतात. आकारमानी वजन एक किलोच्या आतच राहतं, काट्यावर ११५० ग्रॅम भरतं. इथे काटा जिंकतो. अर्ध्या अर्ध्या किलोचे टप्पे असतात आणि टप्पा नेहमी वरच्या बाजूला पूर्ण करतात, म्हणून हिशेब दीड किलोचा, नव्वद रुपये. दोन्ही माल एक किलो, दोन्ही एकाच गच्चीवर वाळलेले, आणि भाड्यात चौपट फरक. गिऱ्हाईक दोन्ही एकदम बघतं आणि त्याला वाटतं, कुरडईत काहीतरी खातोय हा माणूस.

हे गणित काकूंना समजावलं तेव्हा त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पैसा हवाना लेतस?" मी हो म्हणालो. त्यावर त्यांनी कुरिअरवाल्यांबद्दल जे उद्गार काढले ते अहिराणीतच शोभतात.

तेव्हा ठरलं की विक्रीच्या पानावर नुसतं 'वजन १ किलो' लिहायचं नाही. निव्वळ वजन लिहायलाच हवं. वेष्टनाचा भार त्यात धरायचा नाही, हा कायद्याचाच नियम आहे. पण गिऱ्हाइकाच्या खिशाला भिडतो तो दुसरा आकडा. म्हणून आता तिथे असं आहे:

"कुरडई, निव्वळ १ किलो. बांधल्यावर वजन १ किलो ४०० ग्रॅम. बांधल्यावर खोका बाहेरून ४० × ३० × २५ सें.मी. कुरिअर यावर ६ किलोचं भाडं लावतं, कारण कुरडई हलकी पण जागा खाणारी आहे. अख्खी पोहोचावी म्हणून खोका मोठा आहे."

चारच ओळी आहेत, पण त्या लिहिण्याआधी घरात महाभारत झालं. मुद्दा होता खोका मोजायचा कुठून. दुकानदार खोक्याचं माप आतलं सांगतो. आमच्या खोक्याचं आतलं माप ३८ × २८ × २३, आणि काका म्हणाले तेच लिही, छापील आहे. त्याचं आकारमानी वजन येतं ४.९, म्हणजे पाच किलो. पुठ्ठा जाड, वरच्या झाकणाच्या घड्या एकावर एक, त्यात कुरडया भरल्या की पोट थोडं पुढे येतं. प्रत्येक बाजूला दोनच सेंटीमीटर वाढतात आणि पाचाचे सहा किलो होतात. कुरिअरच्या गोदामात खोका यंत्राखालून जातो, आणि यंत्र पुढे आलेलं पोटही मोजतं. पानावर पाच किलो आणि यंत्रात सहा असं झालं, तर साठ रुपये मागाहून आमच्या खात्यातून कापले जातात, आणि तेव्हा गिऱ्हाईक कुरडई तळून मोकळं झालेलं असतं. त्याच्याकडे कोणत्या तोंडानं मागणार?

म्हणून पद्धत अशी आहे: माल भरायचा, चिकटपट्टी पूर्ण मारायची, आणि मगच मोजायचा टेप लावायचा, तोही जिथे खोका सगळ्यात फुगलाय तिथे. अपूर्णांक आला तर वरचा आकडा. मोजायचा टेप लावलेल्या खोक्याचे आणि काट्यावरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवायचे, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असे. यंत्रानं कधी भलतंच माप दाखवलं तर तक्रार करताना तेवढाच आधार असतो. भाजकही कुरिअरच्या दरपत्रकात बघून घ्यावा, सगळ्यांचा सारखा नसतो. ४००० नं भागणारा भेटला तर आमचा हाच खोका साडेसात किलोचा होतो, एक कुरडई न वाढता.

आणि एकदा लिहिलं की तोच खोका वापरावा लागतो. हे कलम काकूंना जाचतं. बांधाबांध चालू असताना त्या हळूच येतात आणि "चाखाले" म्हणून पापडाचं पाकीट वर ठेवतात. झाकण लागत नाही, उंची तीन सेंटीमीटर वाढते. २५ चे २८ झाले की आकारमानी वजन ६.७ आणि हिशेब सात किलोचा. फुकट पापडाचं भाडं साठ रुपये! मी पाकीट काढतो, काकू माझ्याकडे कंजूष माणसाकडे बघतात तसं बघतात.

पण त्यांच्या त्या पाकिटातून एक चांगली गोष्ट निघाली. खोक्याचे सहा किलोचे पैसे जातायत आणि काट्यावर दीड किलोसुद्धा नाही, म्हणजे वजनाला भरपूर वाव आहे. वाव नाही तो जागेला. आणि पापडाला जागा कमी लागते. खोका पाच सेंटीमीटर उंच घेतला, ४० × ३० × ३० चा, तर तळाशी दोन किलो पापडांचे चार गठ्ठे बसतात आणि वर कुरडई. आकारमानी वजन ७.२, हिशेब साडेसात किलोचा, भाडं साडेचारशे. तेच दोन किलो पापड वेगळे पाठवले तर अडीच किलोच्या टप्प्यात दीडशे पडतात आणि कुरडईचे तीनशे साठ वेगळे, एकूण पाचशे दहा. साठ वाचतात. फक्त गठ्ठे तळाला नीट अडकवून मध्ये जाड पुठ्ठा हवा, कारण 'ही बाजू वर' लिहिलेला खोका त्याच बाजूनं प्रवास करेल, असं समजणं भाबडेपणाचं आहे. उलटला की दोन किलो पापड कुरडईवर बसतात. आता हा जोडखोका विक्रीच्या पानावर वेगळा आहे, त्याची मापं आणि भाडं वेगळं लिहून. काकू सगळ्यांना सांगतात की ही कल्पना त्यांची, आणि ते खरंच आहे.

मापं लिहिल्यापासून फोनवरचा संशय कमी झाला, हुशारी मात्र वाढली. एक गृहस्थ म्हणाले, खोका ३० × ३० × २० चा करा की, ३.६ किलो येतं, चार किलोचे दोनशे चाळीस, माझे एकशे वीस वाचतील. गणित अचूक होतं. पण तेवढ्या खोक्यात किलोभर कुरडई दाबूनच बसवावी लागते, आणि दाबलेली कुरडई पुण्याला पोहोचते ती कुरडई म्हणून नाही, चुरा म्हणून.

तसा चुराही आम्ही विकतो. वाळवताना, उचलताना मोडलेल्या कुरडया वाया जात नाहीत, त्यांची कांदा घालून झकास भाजी होते. चुरा खाली बसतो, किलोभर २५ × २० × १० च्या खोक्यात मावतो. आकारमानी वजन बरोब्बर एक किलो, काट्यावर बाराशे ग्रॅम, हिशेब दीड किलोचा, नव्वद रुपये. हे सगळं पानावर लिहिलेलं आहे, कुरडईच्या अगदी खाली.

त्याच गृहस्थांनी तेही वाचलं आणि पुन्हा फोन केला. अख्खी कुरडई चांगल्या प्रतीची असते, चुरा मोडका माल. तेव्हा मला अख्ख्या कुरडईचे चारशे घ्या, पण तिकडेच चुरून पाठवा, भाडं नव्वद. तोट्याचं काहीच नव्हतं त्यात. मी फोनवर हात ठेवून काकूंना विचारलं.

काकू सोऱ्या धुवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याले सांग," त्या म्हणाल्या, "गहूच लई जाय."