आजीचे दागिने जगाला दाखवण्याची सोपी पद्धत

घरच्या फोटोचं तैलचित्र, पेन्सिल स्केच नाहीतर जपानी कार्टून करून देणाऱ्या वेबसाइटवर तुम्ही फोटो चढवत असाल, तर माझा पहिला सल्ला असा की फोटो जसा आहे तसाच चढवा. त्याच्या पोटात काय काय आहे ते बघत बसू नका. बघितलं की माझ्यासारखी झोप उडते, आणि घरातले म्हणतात, "काकांचं आपलं काहीतरीच असतं."

माझं सांगलीत हरभट रोडच्या मागं फोटो प्रिंट आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. आमचं जुनं घर गावभागात, बोळाच्या आत बोळ. 2019 च्या पुरात बोटवाल्याला तीनदा फोन करूनही ते सापडलं नव्हतं. शेवटी गच्चीवरून साडी हलवली तेव्हा तो आला. एवढं अवघड घर आमच्या पुतण्यानं यंदाच्या दिवाळीत अख्ख्या जगासाठी सोपं करून ठेवलं.

झालं असं. लक्ष्मीपूजनाला वहिनींनी आजीला पैठणी नेसवून लोखंडी कपाटासमोर बसवलं आणि ताटात दागिने मांडून फोटो काढला. भाऊबीज उरकून मंडळी गणपतीपुळ्याला गेली. समुद्रावर पुतण्यानं लॅपटॉप उघडला आणि दिवाळीचे बारा व किनाऱ्यावरचे सहा असे अठरा फोटो एका फुकट वेबसाइटवर चढवले. आजीचं झकास तैलचित्र झालं, लिंक ग्रुपवर पडली. मी ती लिंक उघडली, तर चित्राखाली एक बटण, 'मूळ फोटो डाउनलोड करा'. केला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तपासला, तर फोननं आत लिहून ठेवलेली फोटोची वेळ आणि घराचे अक्षांश-रेखांश निघाले:

```
DateTimeOriginal : 2025:10:21 19:42:11
GPSLatitude      : 16 deg 51' ...
GPSLongitude     : 74 deg 33' ...
```

पुढच्या विकला मी इथं मुद्दाम गाळल्यात. पुतण्यानं नव्हत्या गाळल्या. पत्रिकेत असतात तेच हे अंश, कला, विकला. अक्षांशाची एक कला म्हणजे साधारण 1.85 किलोमीटर, आणि एक विकला म्हणजे 31 मीटर. फोन विकलेचेही शंभर भाग लिहून ठेवतो, म्हणजे आकडा कागदावर फूटभरापर्यंत नेमका. प्रत्यक्षात मोकळ्यावर चारपाच मीटर आणि बोळात त्याहून जास्त चूक होते. त्यामुळं चोर आमच्याऐवजी शेजाऱ्यांकडेही जाऊ शकतो. तेवढाच आमच्या बाजूचा मुद्दा.

किनाऱ्यावरच्या सहा फोटोंत तारीख त्याच आठवड्याची आणि जागा समुद्रकाठची. दोन्ही शेजारी ठेवले की दागिने कुठल्या घरात आहेत आणि त्या घराला सध्या कुलूप आहे, हे सांगायला वेगळा खबऱ्या नको.

तर आता सल्ले.

फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि त्यातली जागेची माहितीही गळून पडते, ती कशाला वाया घालवायची? "क्वालिटी जाते भावजी" म्हणून वहिनींनी पुतण्याला सगळे फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवले होते. क्वालिटी शाबूत राहिली. पत्ताही राहिला.

फाइलचं नाव बदलू नका. `IMG_20251021_194211.jpg` या नावातच तारीख आणि वेळ सेकंदासकट आहे. आतलं सगळं पुसलंत तरी नाव जातंच सोबत.

तपासायचंच असेल, तर जे चित्र परत आलं ते तपासा. हा सल्ला माझ्या पुतण्याचा आहे आणि त्याला त्याचा फार अभिमान आहे. मी फोन केला तर म्हणाला, "काका, मी चेक केलंय. त्यात लोकेशन वगैरे काही नाहीये." कशात नाहीये? तैलचित्रात! अरे, तैलचित्र त्या वेबसाइटनं नव्यानं रंगवलंय. ते तुझ्या फोननं काढलेलंच नाही, मग त्यात तुझ्या फोननं लिहिलेलं येणार कुठून? दळण टाकायला डब्यातून गहू गेले आणि खाली चिठ्ठीही गेली. परत आलेल्या पिठात चिठ्ठी नाही म्हणून ती गेलीच नव्हती असं कोण म्हणतं? ती गिरणीत पडलीय. ब्राउझरमधून लॅपटॉपवरची फाइल चढवली की ती बाइट न् बाइट जशीच्या तशी त्यांच्या सर्व्हरवर जाते. मध्ये कुणी चाळण धरत नाही. तिथं ती किती दिवस राहते, कोण बघतं, त्याचं 'मूळ फोटो' म्हणून बटण कधी होतं, हे त्यांनी ठरवायचं. मी तीन मेल टाकले. पहिल्याला आपोआप आलेलं आभारपत्र मिळालं, पुढच्या दोन्हींना तेही नाही. तपासायची ती गेलेली फाइल, आणि जायच्या आधी. एवढी एक गोष्ट त्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितली नाही?

असो. उपरोधिक लिहायचं ठरलंय.

मोठ्या माणसांकडूनही शिकावं. 2012 मध्ये जॉन मॅकॅफी, म्हणजे ज्याच्या नावाचा अँटिव्हायरस आपण वर्षानुवर्षं कॉम्प्युटरमध्ये पाळला तो, बेलीझच्या पोलिसांना चौकशीसाठी हवा होता आणि लपून फिरत होता. एका मासिकानं त्याच्यासोबतचा फोटो वेबसाइटवर टाकला, आयफोनवरचा, अक्षांश-रेखांशासकट. लोकांनी आकडे वाचले तर गडी ग्वाटेमालात. काही दिवसांत तिथल्या पोलिसांनी उचललाही. अँटिव्हायरसवाल्याचं हे होतं, तर आमच्या वहिनींची काय कथा.

पुढचा सल्ला: एकदा आतली माहिती पुसून बघा, फोटो बिघडला की "हे आपलं काम नाही" म्हणून कायमचं सोडून द्या. पुतण्यानं तेच केलं. मी बोललो म्हणून त्यानं `exiftool` नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला, `exiftool -all= aaji.jpg` मारलं, फोटो पुन्हा चढवला. तर आजी आडवी! अख्खं तैलचित्र कुशीवर झोपलेलं. झाली की नाही काकांची फजिती?

नाही झाली. फोन उभा धरून फोटो काढला तरी कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र बहुतेक वेळा आडवंच साठवतो आणि सोबत एक चिठ्ठी लिहितो, 'दाखवताना नव्वद अंशांत फिरव'. त्या चिठ्ठीचं नाव `Orientation`. सरसकट सगळं पुसलं की तीही जाते. रंग कसे वाचायचे ते सांगणारा प्रोफाइलही जातो, म्हणून काही फोन-फोटोंत पैठणीचा रंग फिका पडतो. तेव्हा सगळं पुसायचं आणि या दोन गोष्टी तेवढ्या मूळ फोटोतून परत घ्यायच्या:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -orientation -colorspacetags aaji.jpg
exiftool -a -G1 -s aaji.jpg
```

पहिली ओळ पुसते, दुसरी उरलेलं दाखवते. दुसरीच्या यादीत `GPS` नावाची एकही ओळ दिसता कामा नये, `DateTimeOriginal`ही नको. `FileModifyDate` दिसेल, त्याला घाबरू नका, ती तुमच्या कॉम्प्युटरनं ठेवलेली नोंद आहे, फोटोच्या आतली नव्हे. आणि हा प्रोग्रॅम मूळ फोटो फेकत नाही, शेजारी `aaji.jpg_original` नावानं ठेवतो. मग अख्खा फोल्डर झिप करून पाठवा, म्हणजे पुसलेलं आणि न पुसलेलं दोन्ही जाईल. (होय, हेही आमच्याकडं झालंय.)

कमांडची भीती वाटत असेल तर विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, Properties, Details, आणि तळाशी Remove Properties and Personal Information. त्यातला माहिती काढून नवी प्रत करायचा पर्याय निवडायचा आणि चढवायची ती नवी प्रत, जुनी नव्हे. मग त्या प्रतीचं Details पुन्हा उघडून बघायचं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंदही करता येतं, पण ते पुढच्या फोटोंपुरतं. आधीच्या हजार फोटोंत लिहिलेलं राहतंच.

फोटो कापलात की काम झालं, असंही समजा. दागिन्यांचं ताट कापून फक्त आजीचा चेहरा ठेवलात, छान. पण फोटोच्या आत त्याचीच एक टिकलीएवढी छोटी प्रतही असते, आणि कापणाऱ्या एखाद्या अॅपनं ती नव्यानं बनवली नाही, तर तिच्यात ताट तसंच राहतं. वरच्या पहिल्या ओळीनं तीही जाते.

आता जरा सरळ बोलतो, कारण हे लिहिता लिहिता माझं डोकं तापलंय. तुम्ही दुकानात आधारकार्डाची झेरॉक्स काढायला येता तेव्हा माझ्या डोक्यावर उभे राहता. "जादा कॉपी काढली नाही ना? खराब झालेला कागद द्या इकडं, मी फाडतो." बरोबर आहे, फाडायलाच हवा. आणि तेच तुम्ही घरी जाऊन, कुठल्या देशात आहे हे ठाऊक नसलेल्या वेबसाइटला, घराच्या उंबऱ्याचा आकडा आणि पूजेची वेळ फुकट देता. कशासाठी? तर आजी तैलरंगात कशी दिसते ते बघायला. दोन मिनिटांचं काम आहे. ते करायचं नसेल तर चढवू नका. आणि कुणी सांगितलं तर निदान "काहीतरीच असतं" म्हणू नका.

पुतण्यानं मागच्या रविवारी अठराही फोटो माझ्यासमोर बसून साफ केले, नावं बदलली, एकेक तपासला. मग विजयी मुद्रेनं म्हणाला, "आता चढवू?" मी आजीचा फोटो मोठा करून बघितला. आकडे गेले होते, तारीख गेली होती. आजीच्या खांद्यामागं भिंतीवरचं कॅलेंडर होतं, ऑक्टोबरचं पान, आणि त्याच्या खाली गावभागातल्या किराणा दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर. ते कुठल्याच कमांडनं निघत नाही.

आणि कॅलेंडरच्या शेजारच्या खिळ्याला कपाटाची चावी. वहिनी, बाकीचं राहू द्या, आधी ती चावी तिथून हलवा.