पायाला मुंग्या येतायत? शुगरच असणार, तपासायचं काय त्यात

तर तुम्हाला शुगर आहे, आठ-दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, आणि हल्ली रात्री आडवं झालं की पायाच्या बोटांत मुंग्या येतात, तळपाय कधी जळतात तर कधी एकदम बधिर वाटतात. घाबरू नका, तुमचं निदान आधीच झालेलं आहे. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याने केलंय, मेडिकलवाल्याने केलंय, व्हॉट्सॲपवरच्या साडूने तर फोटोसकट केलंय. शुगरवाल्याच्या पायाला मुंग्या आल्या म्हणजे नसा शुगरनेच गेल्या, त्यात विचार कसला करायचा.

कोणी आगाऊपणे "व्हिटॅमिन बी १२ बघितलंय का कधी" असं विचारलं तर त्याला तिथेच गप्प करा. कारण एकदा हा प्रश्न मनात शिरला की मग कळतं की शंका खुद्द मेटफॉर्मिनवर आहे, आणि जी गोळी तुम्ही रोज इमानेइतबारे जेवणासोबत घेताय तिच्यावर संशय घेणं म्हणजे घरच्या माणसावर संशय घेतल्यासारखं. ही भानगड काही काल-परवाची नाही हो, १९७१ सालीच डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलंय की बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी १२ कमी होतं. पुढे नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या लोकांचे दोन गट केले, एकाला मेटफॉर्मिन ८५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि दुसऱ्याला नुसती दिसायला तशीच गोळी, आणि साधारण सव्वाचार वर्षांनी बघितलं तर मेटफॉर्मिनवाल्यांचं बी १२ दुसऱ्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी खाली. हे २०१० ला छापलं गेलं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनीही डॉक्टरांना सांगितलं की अशी लक्षणं दिसली तर बी १२ तपासा. पण आपण कशाला घाई करायची, पन्नासच वर्षं झालीत.

होतं काय की जेवणातलं बी १२ पोटात तयार होणाऱ्या एका प्रथिनाला चिकटतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन रक्तात घेतलं जातं. ते घ्यायला तिथे कॅल्शियम लागतं, आणि मेटफॉर्मिन नेमकं त्याच पायरीवर आड येतं असं मानलं जातं. म्हणजे तुम्ही खाताय ते बी १२ पोटात जातंय पण हिशोबात जमा होत नाही. पण लगेच काही बिघडत नाही, कारण लिव्हरमध्ये या व्हिटॅमिनची एफडी असते, दोन ते पाच मिलिग्रॅमची, आणि रोजचा खर्च दोन-अडीच मायक्रोग्रॅमचा, त्यामुळे ती मोडून मोडून खाल्ली तरी काही वर्षं सहज निघतात. म्हणूनच पाचव्या-सातव्या-दहाव्या वर्षी पाय बोलायला लागतात, आणि तोपर्यंत "गोळी तर इतकी वर्षं घेतोय, कधी काही झालं नाही" हे वाक्य तुम्हाला पाठ झालेलं असतं. ते सोडू नका, फार उपयोगी वाक्य आहे.

काम लवकर उरकायचं असेल तर अजून दोन सोयी आहेत. एक म्हणजे कडक शाकाहार, कारण बी १२ मिळतं मटण, मासे, अंडी, दूध, दही यातून, भाजी-भाकरी-वरणात ते नसतं, आणि शुगर निघाल्यावर तुम्ही दूध बंद केलंत, दह्याचं पातळ ताक केलंत, म्हणजे उरलासुरला रस्ताही बुजवला. दुसरी सोय म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल, कोणीतरी एकदा पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेलं आणि तुम्ही निष्ठेने वर्षानुवर्षं चालवलेलं. पोटातलं ॲसिड कमी झालं की अन्नातलं बी १२ सुटंच होत नाही. मेटफॉर्मिन, शाकाहार आणि पॅन्टोप्रॅझोल असे तिघे एकत्र नांदत असतील तर तुमच्या घरात काय कमी आहे सांगा, बी १२ सोडून.

आता आमच्या ओळखीतल्या एका काकांचं सांगतो, त्यांनी सगळं अगदी शिस्तीत केलं म्हणून. रिटायर्ड मास्तर, साठी ओलांडलेले, शाकाहारी, मेटफॉर्मिन सकाळी एक ग्रॅम आणि रात्री एक ग्रॅम असं नऊ वर्षं. शुगर इतकी छान की एचबीए१सी ६.७, लोकांना रिपोर्ट काढून दाखवायचे. तर मुंग्या सुरू झाल्या. इथे एखाद्याला प्रश्न पडला असता की अहो शुगर इतकी ताब्यात आहे तर नसा इतक्या जोरात का बिघडतायत, पण काकांना तो पडला नाही, डॉक्टरांनाही पडला नाही, चालू राहिलं. नसांची जळजळ दाबणारं प्रेगाबालिन मिळालं. जळजळ थोडी दबली, झोप छान लागायला लागली, दुपारीसुद्धा लागायला लागली.

तीन-चार महिन्यांत हाताच्या बोटांनाही मुंग्या आल्या, शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडायला लागली. शुगरचा त्रास सहसा पायाच्या बोटांपासून हळूहळू वर चढतो, गुडघ्याच्या आसपास आल्यावर मग हातांचा नंबर लागतो, त्यामुळे पाय-हात जवळजवळ बरोबरच सुरू झाले तर जरा खटकायला हवं. पण "वाढलं असेल" हे दोन शब्द असताना खटकून काय करायचं? मग चालताना पायातली चप्पल निसटायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर काकांना कळायचं की एक पाय अनवाणी आहे. बेसिनवर तोंड धुताना साबणाला डोळे मिटले की तोल जायचा, एक हात कायम नळावर. याला सगळ्यांनी मिळून "प्रेगाबालिनची गुंगी" असं नाव दिलं, ती गोळी गुंगी आणते हे खरंही आहे, त्यामुळे नाव अगदी चपखल बसलं आणि प्रकरण बंद.

रक्त तपासलं नाही असं नाही हं. हिमोग्लोबिन १३.४, पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही ९२, सगळं नॉर्मल. हा कागद जपून ठेवा, कारण "रक्त चांगलंय म्हणजे बी १२ पण चांगलंच असणार" ही समजूत याच्यावरच उभी आहे. बी १२ ची कमतरता रक्त न बिघडवता थेट नसांवर आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर जाऊ शकते, पेशी मोठ्या होतील तेव्हा होतील. आणि लोहाचीही कमतरता सोबत असली तर एक पेशी मोठ्या करते, दुसरी लहान करते, सरासरी मस्त नॉर्मल येते. वरून एखादं फॉलिक ॲसिडचं टॉनिक चालू असेल तर सोन्याहून पिवळं, त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं काम आतल्या आत चालू राहतं.

शेवटी घात केला पुण्याहून आलेल्या भाचीने, ती फिजिओथेरपिस्ट. तिने काकांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले, काका लगेच कलले, तिने धरलं. मग त्यांच्या पायाचा अंगठा धरून तो वर करते की खाली ते डोळे मिटून सांगा म्हणाली, काकांनी पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं सांगितलं. डॉक्टरांकडे नेऊन ठोकल्यावर कंप पावणारा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर टेकवला तर काकांना काही कंप कळेना, घोट्यावरही नाही. आता हे शुगरने नसा बिघडतात त्या न्यूरोपॅथीतही होतं, त्यामुळे यावरून फैसला होत नाही, पण नुसती जळजळ सोडून कंप आणि सांध्याची जाणीवच इतकी गेलीय आणि अंधारात चालता येत नाही म्हटल्यावर बी १२ पाठवलं. मिलिलिटरला १४२ पिकोग्रॅम आलं. २०० च्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये आलं असतं तर तो आकडा भरवशाचा नाही, मग बी १२ कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक ॲसिड तपासून ठरवायचं. ती तपासणी महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, हे एक कारण तुम्ही आवर्जून सांगा. साध्या बी १२ च्या तपासणीलाही हेच कारण लावता आलं तर बघा.

काकांना इंजेक्शनं सुरू झाली, १००० मायक्रोग्रॅम, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग लांब अंतराने. हाताच्या मुंग्या दोन-तीन महिन्यांत गेल्या, तोल बराच सावरला, पायाच्या बोटांचं मात्र थोडं राहिलंच. ते बहुधा राहील, कारण जितका उशीर तितकं कमी परत मिळतं, आणि त्यातला काही वाटा खरोखर शुगरचाही असेल. दोन्ही एकाच पायात सुखाने राहू शकतात, बी १२ भरून काढलं म्हणून शुगरची न्यूरोपॅथी पळून जात नाही.

काकांच्या मित्राने मात्र कमाल केली, त्याच्यावरून खरं शिकण्यासारखं आहे. त्याला पहिल्याच दिवशी प्रेगाबालिनसोबत मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम अशी एकत्र कॅप्सूल मिळाली, आपल्याकडे अशा ढिगाने मिळतात, आणि मिथाइलकोबालामिन म्हणजे बी १२ च. दीड महिना खाऊन झाल्यावर काकांचं ऐकून त्याने तपासणी केली तर २००० च्या वर. आला पेढे घेऊन. आता आधी किती होतं हे कोणालाच कधी कळणार नाही, आजार होता की नव्हता, ही गोळी जन्मभर लागणार की नाही, सगळं गुलदस्त्यात. तेव्हा तुम्हीही रक्त देण्याआधी बी-कॉम्प्लेक्स, इंजेक्शन, जे हाताला लागेल ते घेऊन मगच लॅबमध्ये जा, रिपोर्ट असा देखणा येतो की फ्रेम करावा.

आणि हे सगळं वाचून चिडून उद्यापासून मेटफॉर्मिन बंद केलंत तर मला नक्की कळवा, अशी माणसं विरळ. गोळी स्वस्त आहे, शुगरवर उत्तम चालते, तिच्यामुळे कमी झालेलं बी १२ तोंडाने रोज १००० मायक्रोग्रॅम घेऊनही भरतं, कारण एवढ्या मोठ्या डोसातला एखादा टक्का आतड्याची ती वाट न वापरताच झिरपून आत जातो आणि तेवढा पुरतो. म्हणजे गोळी चालू, बी १२ चालू, अधूनमधून तपासणी, संपलं. इतकं साधं काही करण्यापेक्षा गोळी फेकून द्यायची, शुगर तीनशेवर न्यायची आणि मग ज्या न्यूरोपॅथीचं नाव इतके दिवस फुकट घेत होतात ती खरोखर मिळवायची, हे केव्हाही जास्त मर्दानी.

बरं वाटलं की बी १२ मात्र लगेच बंद करा हं. मेटफॉर्मिन चालूच आहे, पॅन्टोप्रॅझोल चालूच आहे, ताक पातळच आहे, त्यामुळे साठा परत उतरायला लागेल, आणि पुढच्या खेपेला मुंग्या आल्या की "बी १२ तर मागेच झालं, आता हे शुगरचंच" असं सांगायला साडू आहेच.