स्लीपिंग बॅग उणे दहाची, मग खाली काहीही चालेल?

प्रतिक्रिया: “दादा, मॅटवर एवढं पुराण कशाला? मी जानेवारीत केदारकांठाला उणे १० ची बॅग आणि साधी पिवळी फोम मॅट घेऊन गेलो, मस्त झोप लागली. बॅग चांगली असेल तर खाली काहीही चालतं. आर-व्हॅल्यू वगैरे कंपन्यांनी महाग माल खपवायला काढलेले आकडे. जाहिरातच करायची तर उघड करा, उगाच नवख्यांना घाबरवू नका.”

उत्तर:

नमस्कार. आधी शेवटच्या वाक्याबद्दल, कारण ते मला लागलं. मी आजवर कुठल्याही कंपनीकडून एक रुपया किंवा एक मॅट फुकट घेतलेली नाही. बॅगेखाली घालायच्या मॅटवरच्या माझ्या त्या लेखात एकाही मॅटचं नाव नव्हतं, विकत घ्यायची लिंक नव्हती. तरी तुम्ही ‘जाहिरात’ हा शब्द वापरलात. मतभेद असू द्या, पण अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर दोन ओळींत शिंतोडे उडवायचे, ही पद्धत बरी नाही. ‘दादा’ म्हणून सुरुवात केली की पुढे काहीही बोललेलं चालतं असं नसतं.

तुमचं एक म्हणणं मान्य आहे. चांगल्या मॅट महाग आहेत, आणि वर्षातून एकदा हिमालयात जाणाऱ्याने दहा-पंधरा हजार घालावेत असं मीही म्हणणार नाही. खर्चाचा मुद्दा मी लेखात पुरेसा घेतला नव्हता, तो इथे घेतो.

आता तुमचं मधलं वाक्य: “बॅग चांगली असेल तर खाली काहीही चालतं.” बाकीचं सोडा, पण हे वाक्य वाचून कुणीतरी डिसेंबरात केदारकांठाच्या पायथ्याशी सांक्रीला जाऊन रात्रभर कुडकुडेल, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

बॅगेवरचा उणे १० हा आकडा येतो कुठून? बॅगांच्या युरोपीय चाचणीत, म्हणजे आधी ईएन १३५३७ आणि आता आयएसओ २३५३७ या मानकांत, एक गरम केलेला पुतळा बॅगेत घालून थंड खोलीत झोपवतात आणि त्याच्या अंगातून किती उष्णता जाते ते मोजतात. तो पुतळा उघड्या फळीवर झोपलेला नसतो. त्याच्याखाली मॅट असते, आणि ती मॅट साधारण ५ च्या आसपास आर-व्हॅल्यूची, म्हणजे उष्णता चांगलीच अडवणारी असते. तुम्ही ज्या आकड्याच्या जोरावर मॅटला हसताय, तो आकडाच मॅट गृहीत धरून काढलेला आहे. मॅट काढून घेतली की त्या उणे १० ला अर्थ उरत नाही. आणि ज्या बॅगेची अशी चाचणीच झालेली नाही, तिच्यावर छापलेला आकडा म्हणजे विकणाऱ्याचा अंदाज.

असं का होतं ते बॅग हातात घेऊन पाहा. डाऊनची बॅग गरम ठेवते ती पिसांमुळे नाही, पिसांत अडकलेल्या हवेमुळे. वरची बाजू चार बोटं फुगलेली असते. तुम्ही आत शिरता तेव्हा खालच्या बाजूवर तुमचं सगळं वजन येतं. आडवं पडल्यावर खालून हात घालून कमरेखालचं कापड चिमटीत धरा: पुठ्ठ्याइतकी जाडी हाताला लागेल. सिंथेटिक बॅग थोडी कमी दबते, एवढाच फरक. म्हणजे वरून तुम्ही दुलईत आहात आणि खालून जवळजवळ नुसत्या कापडावर. खाली जमीन थेट टेकलेली, आणि ती अडकलेल्या हवेसारखी उष्णता अडवत नाही, ओढून घेते.

थोडा हिशेब करू. आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा. अमेरिकी एककातला हा आकडा ५.७ ने भागला की मेट्रिक आकडा मिळतो. दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक त्या मेट्रिक आकड्याने भागला, की एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते ते कळतं. बर्फावर तंबू आहे, खालचं तापमान शून्य धरू. कातडीचं ३३. उताणं झोपल्यावर जमिनीला टेकणारा भाग साधारण ०.४ चौरस मीटर धरू. मॅट आर १ ची असेल तर खालून जातात सुमारे ७५ वॅट. आर २ ला ३७, आर ४ ला १९, आर ५ ला १५.

झोपलेल्या माणसाचं अख्खं शरीर किती उष्णता तयार करतं? साधारण ७० ते ८० वॅट. म्हणजे आर १ च्या मॅटवर तुम्ही जेवढी ऊब तयार करता तेवढी सगळी जमिनीच्या घशात जाणार आणि वरच्या महागड्या बॅगेला अडवायला काही उरणारच नाही. प्रत्यक्षात कपडे आणि दबलेली बॅगही थोडा अडथळा करतात, शरीर पाठीकडचं रक्त कमी करून कातडी थंड होऊ देतं, म्हणून आकडा ७५ च्या खाली येतो. पण ती कातडी थंड होणं म्हणजेच तुमची थंडी वाजणं. अशा वेळी उणे १० ऐवजी उणे २० ची बॅग आणलीत तरी ती फक्त वरची गळती कमी करेल. भोक खाली आहे.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. आर १ वरून २ वर गेलं की जवळपास ३८ वॅट वाचतात. ४ वरून ५ वर गेलं तर चारच. म्हणजे पहिल्या एक-दोन आकड्यांची किंमत सगळ्यात जास्त, आणि नेमके तेच स्वस्तात मिळतात. कंपन्यांना महाग माल खपवायचा असता तर त्यांनी हे गणित लपवलं असतं.

आता तुमच्या मस्त झोपेबद्दल. ती लागली नाही असं मी म्हणत नाही. पण तुमच्याखाली नक्की काय होतं ते तुम्ही पाहिलंत का? केदारकांठाला ग्रुपबरोबर गेलं की बहुतेक तंबूंत आधीच एक फोम अंथरलेला असतो. त्यावर तुमची पिवळी मॅट. आर-व्हॅल्यूची सोय अशी की एकावर एक ठेवलेल्या मॅटची बेरीज होते. बंद छिद्रांच्या फोमला सेंटीमीटरमागे साधारण १.४ धरा. एक सेंटीमीटरचा तंबूतला फोम आणि एक सेंटीमीटरची तुमची मॅट म्हणजे २.८. त्यात तंबूत तिघं, अंगात थर्मल आणि फ्लीस. मग झोप लागणारच. तुम्ही आर-व्हॅल्यूला नावं ठेवत आर-व्हॅल्यूवरच झोपलात.

मी बरीच वर्षं हिवाळ्यात ट्रेकर्सचे गट घेऊन गेलो आहे. रात्री तंबूतंबूंत फिरून कोण जागं आहे ते बघायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे हे पुस्तकातून सांगत नाही. केदारकांठाच्या वाटेवरच्या जुडा का तालाबच्या कॅम्पवर एक मुलगी नवी कोरी, भारी डाऊन बॅग घेऊन आली होती. रात्री अकराच्या सुमाराला कुडकुडत होती आणि दुसरी बॅग मागत होती. मी विचारलं, थंडी कुठे वाजते? म्हणाली, कंबर आणि खांदा, एका कुशीवर पडले की तीच बाजू गार पडते, पोटाकडे ठीक आहे. एवढ्यावरच कळतं. बॅग कमी पडली तर थंडी वरून, छातीवर, गुडघ्यांवर लागते. मॅट कमी पडली तर टेकलेल्या हाडांना लागते, आणि माणूस सारखा कूस बदलत राहतो. बघितलं तर खाली हवेची मॅट, चांगली सहा-सात सेंटीमीटर जाड, पण आत नुसती हवा. मी दुसरी बॅग दिली नाही. जेवणाच्या तंबूतला फोम आणून तिच्या मॅटखाली घातला. अर्ध्या तासाने परत गेलो तर गाढ झोपली होती.

त्या मॅटमुळेच सांगतो: जाडी म्हणजे ऊब नव्हे. हवेच्या पोकळ मॅटमध्ये आतली हवा फिरते, वरची ऊब खाली नेऊन टाकते. अशा मॅटची आर-व्हॅल्यू बरेचदा १ च्या आसपासच असते, म्हणजे एक सेंटीमीटर फोमपेक्षाही कमी. तीच मॅट आत चकाकत्या पडद्यांचे थर किंवा भरण घालून केली तर ४ च्या वर जाते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आकडा वाचावा लागतो.

वाचायचा कसा? २०१८ पर्यंत प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजायची, तेव्हा तुमचा संशय रास्त ठरला असता. त्या वर्षी ASTM F3340 हे मानक आलं. एक गरम आणि एक थंड पाटी, मध्ये फुगवलेली मॅट, आणि गरम पाटी गरम ठेवायला किती वीज लागते त्यावरून आकडा. हे नाव माहितीत दिसलं तर दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येते. नुसतं ‘उणे ५ पर्यंत चालेल’ लिहिलं असेल आणि आर-व्हॅल्यू नसेल, तर ते सोडून द्या, कारण मॅटच्या तापमानाचं ठरलेलं कोष्टक नाही, ज्याचं त्याचं वेगळं. एखाद्या ठिकाणी ०.७ असा आकडा दिसला तर दचकू नका, आधी एकक बघा. तो मेट्रिक असेल तर ५.७ ने गुणा, चार होतात.

किती लागते? डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या गुहेत दगडावर झोपायला दीड-दोन बहुतेकांना पुरते. जमीन गोठणाऱ्या ठिकाणी ४, बर्फावर ५ किंवा जास्त. ज्यांना मुळात थंडी जास्त वाजते त्यांनी एकाने वाढवावी. आणि जुना, दबून पातळ झालेला फोम मूळ जाडीने मोजू नका, आज आहे त्या जाडीने मोजा.

खर्चाचं उत्तर यातच आहे. एक सेंटीमीटरचे दोन फोम स्वतःचे न्या, तंबूतला तिसरा असेल तर चारच्या वर गेलात, तेही बॅगेच्या किमतीच्या थोड्याशा भागात. फुटायची भीती नाही. फक्त सॅकला बाहेरून बांधायला जरा बोजड होतं.

नवख्यांना घाबरवण्याबद्दल आणि ‘पुराणा’बद्दल उत्तर देत बसत नाही. ज्यांना लांब वाटतं त्यांनी वाचू नये.

तुमच्या बॅगेच्या आतल्या पट्टीवर उणे १० च्या शेजारी कम्फर्ट लिहिलंय, लिमिट की एक्स्ट्रीम, तेवढं बघून इथे लिहा. एक्स्ट्रीम असेल तर ते जेमतेम जीव वाचण्याचं तापमान आहे, झोपेचं नव्हे, आणि मग पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला नुसती मॅट नव्हे, मॅट आणि बॅग दोन्ही बदलावं लागेल. आणि जाहिरातीचा शब्द मागे घेतलात तर मला बरं वाटेल.