तयार चित्रे, पाठ सूत्रे आणि नाटाची तयारी

वास्तुकलेच्या पदवी प्रवेशासाठीच्या नाटा परीक्षेविषयी एक सल्ला सर्रास ऐकू येतो: ‘नाटाला आता बहुतेक एमसीक्यूच असतात. ज्याचा हात मुळातच चांगला आहे त्याला चित्राची तयारी लागत नाही आणि ज्याचा नाही त्याला रोज स्केचिंग करूनही उपयोग नाही. शेवटचा महिनाभर क्लास लावा, दहा-बारा तयार चित्रं बसवून ठेवा, रीझनिंगची सूत्रं पाठ करा, काम होतं.’

पहिल्या विधानामागे एक जुनी वस्तुस्थिती आहे, म्हणून ते आधी पाहू. वास्तुकला परिषदेच्या नाटा परीक्षेत 2021 ते 2023 या वर्षांत हाताने चित्र काढण्याचा भाग नव्हता. संपूर्ण परीक्षा संगणकावर होत असे. त्या काळात परीक्षा दिलेल्या दादा-ताईंचा सल्ला अजूनही फिरत आहे. मात्र 2024 मध्ये चित्रकलेचा भाग परत आला. एकूण 200 गुणांपैकी 80 गुण कागदावरच्या कामाला मिळतात आणि त्यासाठी दीड तास असतो. एक प्रश्न रंगसंगती आणि रचनेचा, दुसरा कृष्णधवल रेखाटनाचा आणि तिसरा, परीक्षागृहात दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचना उभी करण्याचा असतो. जेईई मेनच्या बी.आर्क. पेपरमध्ये 400 पैकी 100 गुण चित्राला आहेत, तर डिझाइन प्रवेशासाठीच्या आयआयटी मुंबईच्या यूसीड परीक्षेत 300 पैकी 100 गुण हाताने सोडवायच्या भागाला आहेत. त्यामुळे एमसीक्यूंची संख्या जास्त असली, तरी चित्र बाजूला ठेवण्याइतके ते गुण थोडे नाहीत.

उपजत हाताविषयीचे विधान अधिक नुकसान करते, कारण ते दोन्ही प्रकारच्या मुलांना सराव सोडायला लावते. काहींची रेषा लहानपणापासून सफाईदार असते, हे खरे आहे. परंतु या परीक्षेत सफाईच्या आधी प्रमाण आणि दृष्टीपातळी तपासली जाते, आणि या दोन गोष्टी हाताच्या नसून डोळ्याच्या आहेत. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवलेल्या मुलांच्या वहीतही एक चूक हमखास आढळते. टेबलावरचा पेला काढताना वरचे तोंड छान लंबगोल असते, पण तळ जवळजवळ सरळ रेषेने काढलेला असतो. टेबल सपाट आहे हे आपल्याला ठाऊक असल्याने हात तळही सपाट करतो. प्रत्यक्षात पेला डोळ्याच्या पातळीखाली असेल, तर तळाचे वर्तुळ त्या पातळीपासून अधिक दूर असते, म्हणून ते वरच्या तोंडापेक्षा अधिक उघडे, अधिक गोल दिसते. ही चूक सुंदर छायाभेद केलेल्या चित्रातही तशीच राहते, आणि पाहण्याच्या सरावानेच ती जाते.

हा सराव रोज अर्ध्या तासाचा असला तरी चालतो, फक्त तो कशाचा आहे याला महत्त्व आहे. मोबाइलवरचे छायाचित्र पाहून वही भरणाऱ्या मुलांना फारसा उपयोग होत नाही, कारण छायाचित्रात त्रिमितीचे द्विमितीत रूपांतर कॅमेऱ्याने आधीच करून ठेवलेले असते. नेमके तेच काम परीक्षेत आपल्याला करायचे असते. म्हणून घरातली खरी वस्तू घ्यावी. एकच बादली एके दिवशी जमिनीवर, दुसऱ्या दिवशी टेबलावर आणि तिसऱ्या दिवशी कपाटावर ठेवून काढावी. जमिनीवर तिचे तोंड रुंद उघडलेले दिसते, टेबलावर ते अरुंद होते आणि कपाटावर तोंडाचा आतला भाग दिसेनासा होऊन कडेची वरच्या बाजूला फुगलेली कमान उरते. दृष्टीपातळी म्हणजे काय, हे या तीन रेखाटनांतून कळते.

काढण्यापूर्वी वस्तूच्या रुंदी-उंचीचे प्रमाण अंदाजाने वहीच्या कोपऱ्यात लिहावे. नंतर हात कोपरात न वाकवता पेन्सिल डोळ्यासमोर धरावी, एक डोळा मिटावा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून खरे प्रमाण मोजावे. खुर्ची रुंदीच्या दुप्पट उंच वाटली आणि मोजल्यावर दीडपट निघाली, तर दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. अंदाज आणि मोजमाप यांतले अंतर आठवड्यांगणिक कमी होत आहे का, हीच सराव लागू पडत असल्याची खरी खूण आहे. अंतर कमी होत नसेल, तर मूल पाहून नव्हे तर आठवणीने काढत आहे असे समजावे. खोडरबर या वेळी दूरच ठेवावे, म्हणजे चुकलेली रेषा दुरुस्त रेषेशेजारी डोळ्यांसमोर राहते.

आता तयार चित्रांकडे वळू. या सल्ल्यातला सर्वांत धोकादायक भाग हाच आहे. बाजार, रेल्वेचा फलाट, जत्रा, समुद्रकिनारा अशी चित्रे बसवलेली असतात आणि ती जवळजवळ सर्व जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून काढलेली असतात. प्रश्नाने बघणाऱ्याची जागा बदलली, की पाठ केलेले चित्र कोसळते. नमुन्यादाखल असा प्रश्न घेऊ: ‘तुम्ही एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावरील सज्जात उभे आहात. खालच्या चौकात लग्नाची तयारी चालू आहे. तुम्हाला दिसणारे दृश्य रेखाटा.’

सज्जाची जमीन चौकापासून 3 मीटर उंच आहे आणि आपला डोळा सज्जाच्या जमिनीपासून दीड मीटरवर आहे असे धरू. म्हणजे डोळा चौकापासून साडेचार मीटर उंच झाला आणि कागदावरची क्षितिजरेषा, म्हणजे डोळ्याच्या पातळीची रेषा, त्याच उंचीची झाली. माणसाची उंची सोयीसाठी दीड मीटर धरली, तर चौकात कुठेही उभा असलेला माणूस त्याच्या पावलापासून क्षितिजरेषेपर्यंतच्या अंतराच्या बरोबर एक तृतीयांश उंच काढावा लागतो. कागदावर ज्याचे पाऊल क्षितिजरेषेच्या 12 सेंटिमीटर खाली आहे, तो 4 सेंटिमीटर उंच होतो. त्याच्या पलीकडे ज्याचे पाऊल 6 सेंटिमीटर खाली आहे, तो 2 सेंटिमीटर उंच होतो. मांडवाचा 3 मीटरचा खांब असेल, तर तो त्याच अंतराच्या दोन तृतीयांश भरतो. समोरच्या सज्जाची जमीनही 3 मीटरवर असल्याने, समोरच्या भिंतीच्या पायापासून क्षितिजरेषेपर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांशावर तिची कड येते. त्या सज्जात उभी असलेली माणसे आपल्याच पातळीवर असल्याने त्यांची डोकी क्षितिजरेषेला टेकतात. एवढा हिशेब दोन मिनिटांत होतो आणि मग चौकात आचारी, सनईवाले, फुलांच्या माळा बांधणारे कुठेही बसवले तरी कोणी राक्षस किंवा बाहुले दिसत नाही. बसलेल्या माणसाची उंची उभ्याच्या निम्म्याहून थोडी जास्त धरावी.

हा हिशेब नजर साधारण समोर असताना लागू होतो. कठड्यावरून वाकून थेट खाली पाहिले, तर उभ्या रेषाही खाली एकमेकींकडे झुकू लागतात आणि हे गुणोत्तर चालत नाही. म्हणून परीक्षेत नजर समोर ठेवलेली बरी.

बाजाराचे चित्र बसवलेला विद्यार्थी इथे काय करतो, हे ओळखणे सोपे आहे. तो सर्व डोकी एका आडव्या रेषेत ठेवतो, कारण जमिनीवर उभ्या माणसाला ती तशीच दिसतात, आणि कागदाच्या तळाशी सज्जाचा कठडा जोडतो. वाडा, मांडव, माणसे सर्व असूनही पाहणारा वर उभा आहे हे चित्रातून कळत नाही. क्लासमध्ये शिकवलेल्या छायाभेदाने ही चूक झाकता येत नाही. त्याऐवजी रोजच्या वहीत आठवड्यातून एकदा तरी जिन्याच्या वरच्या पायरीवरून, गच्चीवरून, किंवा जमिनीवर बसून एसटी स्थानकासारखी गर्दीची जागा काढलेली असली, तर असा प्रश्न नवा वाटत नाही. बसून काढताना क्षितिजरेषा उभ्या माणसांच्या कमर-मांड्यांच्या आसपास येते आणि जवळच्या माणसांची डोकी दूरच्या माणसांच्या डोक्यांपेक्षा वर जातात, हेही तिथेच दिसते.

रीझनिंगच्या सूत्रांबाबत थोडे मान्य करायला हवे. प्रत्येक कड 4 एकक असलेला घन बाहेरून रंगवून 1 एकक कडेच्या लहान घनांत कापला, तर तीन बाजू रंगलेले 8, दोन बाजू रंगलेले 24, एक बाजू रंगलेले 24 आणि बिनरंगी 8 निघतात. हे सूत्राने झटकन येते आणि यावेही. अडचण प्रश्न किंचित वळवल्यावर सुरू होते. त्याच घनाच्या कोपऱ्यातला एक लहान घन काढून टाकला, तर उघड्या पृष्ठभागाचे काय होईल? मोठ्या घनाला एकूण 96 लहान चौकोनांचा पृष्ठभाग आहे. कोपऱ्यातला घन निघताना तीन चौकोन जातात आणि खळग्यात तीन नवे उघडे पडतात, म्हणून उत्तर 96 च राहते. कोपरा टाळून कडेच्या मधला घन काढला, तर दोन जातात आणि चार उघडतात, म्हणजे 98. बाजूच्या मधोमधचा काढला, तर एक जातो आणि पाच उघडतात, म्हणजे 100. पाठ केलेल्या सूत्रात यातले काहीच नाही, परंतु खळगा डोळ्यांपुढे आणता येणाऱ्याला हे अर्ध्या मिनिटात दिसते.

खळगा डोळ्यांपुढे आणण्याची सवय स्केचिंगच्या वहीतच लागते. पाच-सहा काडेपेट्या एकावर एक, आडव्या-उभ्या रचाव्यात आणि त्यांचे वरून, समोरून आणि उजवीकडून दिसणारे तीन आकार काढावेत. दुसऱ्या दिवशी फक्त ते तीन आकार पाहून रचना पुन्हा उभी करावी. ती पहिल्यासारखी झाली नाही, तर कोणत्या आकारात माहिती अपुरी होती हे शोधावे. बहुधा मागे लपलेली पेटी राहून गेलेली असते. हाच सराव परीक्षेतल्या त्रिमितीय रचनेच्या प्रश्नालाही उपयोगी पडतो, कारण कागद किंवा पुठ्ठा कुठे घडी घातला की उभा राहतो आणि समोरून भरीव दिसणारी रचना बाजूने पोकळ दिसते का, हे हाताळूनच कळते.

शेवटच्या महिन्यात क्लास लावण्याला माझा विरोध नाही. त्या महिन्याचे खरे काम मात्र वेळ बसवण्याचे आहे. दीड तासात तीन कामे करताना त्रिमितीय रचनेला 35 ते 40 मिनिटे राखून उरलेला वेळ दोन चित्रांत वाटणे, रंगसंगतीचा प्रश्न आधी घेणे, पहिल्या तीन मिनिटांत क्षितिजरेषा ठरवणे, अशा गोष्टी घड्याळ लावून सोडवलेल्या पूर्ण पेपरांतूनच जमतात. ज्याला अजून प्रत्येक खुर्चीचे प्रमाण खोडून पुन्हा काढावे लागते, त्याच्या हातात त्या महिन्यात वेळ बसवण्याइतकी उसंतच उरत नाही; म्हणून अकरावीच्या सुट्टीतच वहीला सुरुवात करावी, असे मी पालकांना सुचवतो.