‘हो’ची सात मजली वाट

नेटवर्कचं कुठलंही व्याख्यान घ्या, दोन यंत्रांमधल्या संवादाचे सात थर दाखवणारं ओएसआय मॉडेलचं ते चित्र सुरुवातीलाच येतं. डावीकडे सात मजले, उजवीकडे सात मजले, प्रत्येकाचा रंग वेगळा आणि मधे आडवे तुटक बाण. त्या बाणांनी माझा फार छळ केला. ते पाहून वाटतं, इकडचा ट्रान्सपोर्ट थर खिडकी उघडून तिकडच्या ट्रान्सपोर्ट थराकडे निरोप भिरकावतो. प्रत्यक्षात प्रत्येक गोष्ट जिना उतरून तळमजल्यावरूनच बाहेर पडते. तुटक बाण एवढंच सांगतो की या थरानं लिहिलेलं समोरचा त्याच नंबरचा थर वाचेल. स्लाइडवर हे वाक्य लिहायला जागा नसते, कारण सगळी जागा रंगांनी खाल्लेली असते.

शेवटी थर पाठ करणं सोडून दिलं आणि एकच शब्द घेतला: ‘हो’. मित्रानं काहीतरी विचारलंय आणि मी होकार पाठवतोय. माझा पत्ता 192.168.1.20, त्याचा 192.168.2.30, पत्त्याचे पहिले तीन आकडे नेटवर्कचे असं सांगणारा मास्क 255.255.255.0, मधे एक राउटर. निरोप नीट पोचल्याची खात्री करणाऱ्या टीसीपीचं कनेक्शन आधीच जुळलंय, गुप्तलेखन नाही, हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधी चिकटवायच्या नोंदींमध्ये, जादा पर्याय नाहीत. प्रयोगासाठी जगाला इतकं गरीब करून घ्यावंच लागतं.

सातव्या थरावर माझा प्रोग्राम ‘हो’ म्हणतो. सहाव्यावर त्याचे बाइट होतात: युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘ह’चे ३ आणि त्याच्यावरच्या काना-मात्रेचे ३, एकूण ६. पाचव्या थरावर काय होतं? काही नाही. ओएसआयचं हे सात मजली मॉडेल आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलं १९८४ मध्ये, तर इंटरनेटच्या पूर्वजानं १९८३ मध्येच टीसीपी/आयपी स्वीकारलं होतं आणि त्यात पाच-सहा नंबरचे वेगळे मजले नव्हतेच. ती कामं प्रोग्रामच उरकतो. तरी स्लाइडवर त्या मजल्यांना इतरांइतकीच उंची. परीक्षेतही त्यांना तेवढेच गुण, म्हणून मी फार बोलत नाही.

चौथ्या थरावर टीसीपी २० बाइटांचं हेडर चिकटवतो. त्यात मुख्य म्हणजे पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावरच्या कोणत्या प्रोग्रामला द्यायचं ते. तिसऱ्यावर आयपी आणखी २० चिकटवतो, त्यात दोघांचे पत्ते. आता दुसरा थर. त्याला पुढच्या टप्प्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर हवा आणि इथेच स्लाइड गप्प बसते. मास्क लावून पाहिला तर मित्र माझ्या नेटवर्कमध्ये नाही. म्हणून माझं यंत्र मित्राचा मॅक पत्ता विचारतच नाही. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणाऱ्या एआरपीनं ते ओरडतं, ‘192.168.1.1 कोण?’ तो राउटर. फ्रेमवर, म्हणजे या टप्प्यापुरत्या पाकिटावर, मॅक राउटरचा आणि आत आयपी मित्राचा. मित्राचा मॅक पत्ता मला शेवटपर्यंत कळत नाही, आणि होकार पोचवायला तो लागतही नाही. स्लाइडवाले ‘पत्ता’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरून मोकळे होतात.

राउटर फ्रेम फाडतो, आयपी हेडर वाचतो, टीटीएल, म्हणजे उरलेल्या टप्प्यांची मोजणी, ६४ वरून ६३ करतो, त्यामुळे बदललेली हेडरची तपासणीची बेरीज नव्यानं मांडतो आणि नवे मॅक पत्ते घालून नवी फ्रेम बांधतो. ‘हो’ त्यानं वाचलेलं नसतं. साधा राउटर पोर्टाकडेही बघत नाही. म्हणून चित्रात त्याला तीनच मजले. मला आधी वाटायचं, बिचाऱ्याचं बांधकाम अपुरं राहिलंय.

पलीकडे मित्राचं यंत्र एकेक हेडर उतरवत वर जातं. आधी कनेक्शन जुळवतानाच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं उत्तर आलं असतं, तर ती बहुधा चांगली बातमी: यंत्र सापडलं, चौथ्या मजल्यापर्यंत पोचलो, फक्त त्या पोर्टावर कोणी ऐकत नाही. नुसतीच शांतता आणि मग ‘टाइम्ड आउट’ आलं, तर पॅकेट वाटेत कुठे गडप झालंय किंवा एखाद्या फायरवॉलनं न बोलता टाकून दिलंय. हा फरक कळायला लागल्यापासून मी नकार मिळाला की खूश होतो आणि घरचे काळजीत पडतात.

आता हिशेब. ६ अधिक २० अधिक २० म्हणजे ४६. इथरनेटच्या फ्रेममध्ये कमीत कमी ४६ बाइटांचा माल लागतोच! त्यावर फ्रेमचं १४ बाइटांचं हेडर आणि शेवटी तपासणीचे ४ बाइट धरून ६४. माझा होकार नेमका किमान मापाचा निघाला. ‘नाही’ म्हणालो असतो तर बारा बाइट लागले असते. यूटीएफ-८ मध्ये नकार महाग पडतो.

मग मित्राचा टीसीपी पोच पाठवतो. तिच्यात मजकूर शून्य, म्हणजे हेडरांचे ४० बाइट. किमान माप भरायला पुढे ६ बाइट शून्यं कोंबली जातात. माझं यंत्र आयपी हेडरमधली ‘एकूण लांबी ४०’ ही नोंद वाचतं आणि ती शून्यं फेकून देतं. मी ‘हो’ म्हणालो, त्याला ६४ बाइट लागले. त्यानं काहीच म्हटलं नाही, त्यालाही ६४.